नंबर पोर्ट केला, कॉल येतायत, पण ओटीपी काही ठिकाणचेच येतायत

पिंपळपान (धागा) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा मदत हवीये. नंबर तोच ठेवून ऑपरेटर बदलला, म्हणजे पोर्ट केला. जुन्याची घरात रेंजच येईना म्हणून. नवं सिम टाकलं, नेटवर्क आलं, नेट चालू, कॉल येतायत जातायत, तिथपर्यंत सगळं सुरळीत. पण ओटीपीचं गणित लागत नाहीये. ईमेलचा कोड लगेच येतो. एका बँकेचा येतो. ज्या बँकेत पगार जमा होतो तिचा मात्र नाहीच, कितीही वेळ थांबा. आणि गुंतवणुकीचं एक अ‍ॅप आहे, ते उघडल्याउघडल्या सांगतं की सिम बदललंय, पुन्हा नोंदणी करा, आणि करायला गेलं की "पडताळणी अयशस्वी".

दोन्हीकडे कस्टमर केअरला विचारलं. बँक म्हणते आम्ही मेसेज पाठवलाय, ऑपरेटरला विचारा. ऑपरेटर म्हणतो तुमची लाइन व्यवस्थित आहे, बँकेला विचारा. नंबर तोच, बँकेकडे नोंद त्याच नंबरची, मग अडतंय कुठे? महिनाअखेरीला हप्ते जायचेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. फोन बंद-चालू करून झालाय, सिम काढून घालून झालंय.

बिनधास्त | सोमवार, रात्री १०.०५

एसएमएससी नंबर बघा, म्हणजे मेसेज ज्या केंद्रातून जातात त्याचा नंबर!! माझ्या काकांच्या फोनला हेच झालेलं. पोर्ट केल्यावर फोनमध्ये जुन्या ऑपरेटरचा एसएमएससी राहतो आणि मग मेसेज जुन्याकडे जातात. आयफोन असेल तर डायलरवर हे टाका, सध्याचा नंबर दिसेल

```
*#5005*7672#
```

अँड्रॉइड असेल तर हे (सगळ्या फोनवर चालत नाही)

```
*#*#4636#*#*
```

त्यात फोन माहितीच्या पानावर खाली एसएमएससी असतो. नव्या ऑपरेटरचा नंबर तिथे टाकला की ओटीपी सुरू. काकांचं लगेच झालं होतं.

नवखा_प्रवासी | सोमवार, रात्री १०.२०

नंबर बदलला की बँकेत जाऊन फॉर्म भरावाच लागतो हो, त्याशिवाय ओटीपी कसा येणार. मी मागे नवा नंबर घेतला तेव्हा प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलून घेतला. जुना नंबर चालू असेतोवर सगळीकडे बदलून घ्यायचा, जुना बंद झाला की फार त्रास होतो. तुम्ही जुनं सिम लगेच बंद करायला नको होतं.

पिंपळपान | सोमवार, रात्री १०.३२

@नवखा_प्रवासी नाही हो, नंबर तोच आहे, फक्त कंपनी बदलली. बँकेत बदलायला काहीच नाही. आणि जुनं सिम मी बंद केलं नाही, पोर्ट झालं की ते आपोआपच बंद पडतं.

@बिनधास्त एसएमएससी बघितला, नव्या ऑपरेटरचाच दिसतोय. म्हणजे ते नसावं.

तारायंत्र | सोमवार, रात्री ११.१५

बिनधास्त यांचं अर्धं बरोबर आहे, पण ते अर्धं वेगळ्या अडचणीसाठी आहे. एसएमएससीचा जो नंबर सिमवर असतो तो फक्त तुमच्या फोनमधून *बाहेर जाणाऱ्या* मेसेजसाठी. बाहेरून येणारा मेसेज त्या नंबराकडे बघतसुद्धा नाही. काकांचं काम झालं ते बहुतेक बँकेच्या अ‍ॅपच्या नोंदणीत अडलं असणार, तिथे फोन स्वतःहून एक मेसेज पाठवतो. त्याकडे पुढे येतो, कारण पिंपळपान यांच्या गुंतवणुकीच्या अ‍ॅपचा आजार तोच वाटतोय. म्हणजे तुमच्या दोन अडचणी दिसायला एकसारख्या आहेत पण कारणं वेगळी. त्या एकत्र मांडल्या की कस्टमर केअरवाला कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

मी बरीच वर्षं एसएमएस गेटवेच्या कामात होतो, म्हणून पगाराच्या बँकेचं आधी सांगतो.

बँक स्वतः मेसेज पाठवत नाही. ती एका गेटवे कंपनीला सांगते की या नंबरला हा मजकूर पोचव. गेटवेकडे वेगवेगळ्या ऑपरेटरांशी जोडलेल्या वाटा असतात. कुठली वाट धरायची हे ठरवायला त्यांना कळायला लागतं की हा नंबर आत्ता कुणाकडे आहे. पोर्टिंग नसतं तेव्हा नंबराचे सुरुवातीचे आकडे बघून कळायचं. आता ते पुरत नाही, म्हणून पोर्ट झालेल्या नंबरांची यादी बघावी लागते. ती यादी कुणी प्रत्येक मेसेजला ताजी विचारतं, कुणी स्वतःकडे प्रत ठेवतं आणि ठराविक वेळाने ताजी करतं. प्रत जुनी असली की मेसेज सरळ जुन्या ऑपरेटरच्या दारात जातो. तिथे दोन गोष्टी होऊ शकतात. जुना ऑपरेटर म्हणतो हा आता आमच्याकडे नाही आणि पुढे ढकलतो, किंवा म्हणतो असा ग्राहकच नाही आणि मेसेज टाकून देतो.

म्हणून तुमचा ईमेलचा कोड येतो आणि बँकेचा नाही. पाठवणारे वेगळे, गेटवे वेगळे, वाटा वेगळ्या. "लाइन व्यवस्थित आहे" हे ऑपरेटरचं म्हणणं खोटं नाही, त्याच्या हद्दीत मेसेज पोचलेलाच नाहीये. आणि "आम्ही पाठवला" हे बँकेचं म्हणणंही खरंच आहे.

आता एक चाचणी करा. तीन जणांना सांगा तुम्हाला साधा एसएमएस पाठवायला आणि एक कॉल करायला. एक नव्या ऑपरेटरचा, एक तिसऱ्याच कुठल्यातरी ऑपरेटरचा, आणि एक जुन्या ऑपरेटरचा. हा जुन्या ऑपरेटरचा सगळ्यात महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, साधा एसएमएस.

आणि तोवर बँकेचा "पुन्हा पाठवा" दाबू नका. का ते सांगतो नंतर.

रानवारा | मंगळवार, सकाळी ७.१०

तारायंत्र, पण कॉल येतायत ना? मेसेज आणि कॉल एकाच वाटेने येत नाहीत का?

तारायंत्र | मंगळवार, सकाळी ७.५०

नाही येत. कॉल जोडताना कॉल करणाऱ्याचं नेटवर्क पोर्टिंगची यादी बघतं, नाहीतर ज्याने तो नंबर मुळात वाटला त्या ऑपरेटरकडे कॉल नेतं आणि तो पुढे पाठवतो. देशागणिक पद्धत वेगळी. ओटीपीच्या बाबतीत मध्ये गेटवे नावाचा आणखी एक जण असतो आणि त्याची यादी त्याची स्वतःची. त्यामुळे कॉल चोख आणि ओटीपी गायब असं अगदी सर्रास होतं. याचाच एक फायदा करून घेता येतो. ज्या ठिकाणी "कॉल करून कोड सांगा" असा पर्याय असेल तिथे तो वापरा. एसएमएस अडकला तरी कॉल बऱ्याचदा पोचतो.

अजून एक. नंबर दुसऱ्यांदा पोर्ट केला असेल तर ज्याने तो अगदी सुरुवातीला दिला तो ऑपरेटरही साखळीत असतो. लोक फक्त शेवटच्या दोघांचा विचार करतात.

शेवंती | मंगळवार, सकाळी ९.३०

माझा अनुभव जरा वेगळा आहे पण उपयोगी पडेल. पोर्ट झाल्यावर मला सगळे ओटीपी येत होते, पण एका बँकेने स्वतःहून पैसे पाठवणं थांबवून ठेवलं. कोडही यायचा, मी टाकायचे, तरी "सुरक्षेसाठी व्यवहार तात्पुरता बंद". मला वाटलं अ‍ॅप बिघडलं. फोन केल्यावर त्या बाईंनी सांगितलं की तुमचं सिम बदललेलं आमच्याकडे दिसतंय, म्हणून काही काळ मोठे व्यवहार बंद ठेवलेत, आपोआप सुरू होतील. आणि झाले. बँकेला कसं कळतं सिम बदललंय ते मला आजपर्यंत कळलं नाही, मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तारायंत्र | मंगळवार, सकाळी १०.१०

@शेवंती नंबर म्हणजे फक्त बाहेर दिसणारं नाव. सिमच्या आत ग्राहकाची वेगळी ओळख असते, आयएमएसआय म्हणतात. पोर्ट केलं की नंबर तोच राहतो पण ही ओळख नव्या ऑपरेटरची, म्हणजे पूर्ण नवी. बँका ऑपरेटरकडून विचारून घेऊ शकतात की या नंबराची ओळख अलीकडे बदलली का. त्यांच्या नजरेत तुमचं पोर्टिंग आणि चोराने तुमच्या नावाने काढलेलं डुप्लिकेट सिम यात पहिल्या दिवशी काहीच फरक नसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलंय की फोनवर कोड पाठवण्याआधी सिम बदललंय का, नंबर पोर्ट झालाय का, हे धोक्याचं लक्षण म्हणून बघावं. त्यामुळे बँक थांबली तर ती तुमच्या भल्यासाठीच थांबलीय. वाईट इतकंच की बहुतेक ठिकाणी ते ग्राहकाला धड सांगत नाहीत, आणि माणूस बिचारा फोन उलटासुलटा करत बसतो.

बिनधास्त | मंगळवार, दुपारी १२.४०

म्हणजे पोर्ट करायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप वगैरे काढून टाकायचं आणि नवं सिम आल्यावर परत टाकायचं, बरोबर ना? ते पण नंबराला जोडलेलं असतं.

रानवारा | मंगळवार, दुपारी १.०५

अजिबात काढू नका! व्हॉट्सअ‍ॅप नंबराला जोडलेलं असतं, सिमला नाही. अ‍ॅप आहे तसं ठेवलं तर सिम बदललं तरी चालू राहतं. काढलंत तर परत नोंदणीला कोड लागणार, आणि नेमका तो कोड येण्याची शाश्वती त्याच दिवशी सगळ्यात कमी असते. आणि त्यातला "नंबर बदला" पर्याय तर मुळीच वापरू नका, तो खरंच नंबर बदलणाऱ्यांसाठी आहे. आधी करायचं असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन ठेवा आणि तो पिन लक्षात ठेवा.

आयफोनच्या आयमेसेजचं मात्र वेगळं. नवं सिम बघितलं की फोन गुपचूप एक एसएमएस पाठवून नंबर पुन्हा सुरू करून घेतो. नव्या प्लॅनमध्ये बाहेर जाणारा एसएमएस बंद असेल तर तिथे अडकतं. अ‍ॅपल म्हणतं चोवीस तासांपर्यंत थांबा.

पिंपळपान | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

चाचणी केली. नव्या ऑपरेटरच्या मैत्रिणीचा एसएमएस आला, कॉलही आला. तिसऱ्या ऑपरेटरवरच्या सहकाऱ्याचाही दोन्ही. आता ऐका, माझा भाऊ जुन्याच ऑपरेटरवर आहे. त्याचा एसएमएस त्याच्या फोनवर "पाठवला" दिसतोय पण मला आलाच नाही. आणि कॉल केला तर त्याला ऐकू येतं "हा नंबर वापरात नाही". म्हणजे तो गेले काही दिवस मला फोन लावत होता आणि मला पत्ताच नाही! मला वाटत होतं सगळ्यांचे कॉल येतायत.

तारायंत्र | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

सापडलं. हे अगदी ठळक लक्षण आहे.

जुन्या ऑपरेटरने तुमचा नंबर आपल्या ग्राहकांतून तर काढलाय, पण "हा आता अमक्याकडे गेला, तिकडे पाठवा" ही नोंद त्याच्या आतल्या यंत्रणेत धड चढलेली नाही. त्यामुळे त्याच्या नेटवर्कमधून निघणारं सगळं तिथल्या तिथे मरतंय. भावाचा कॉल, भावाचा एसएमएस, आणि तुमच्या बँकेच्या गेटवेची जी वाट त्याच ऑपरेटरमधून जाते तीही. बाकी नेटवर्कं त्याला विचारायलाच जात नाहीत म्हणून तिकडून सगळं येतं. भावाचा फोन आणि पगाराच्या बँकेचा ओटीपी एकाच खड्ड्यात पडतायत असं माझं म्हणणं आहे. शंभर टक्के नाही सांगू शकत, गेटवेची वाट मला दिसत नाही, पण पैज लावायची तर इथेच लावेन.

आता तक्रार कुणाकडे? नव्या ऑपरेटरकडे. जुन्याकडे गेलात तर तुम्ही त्याचे ग्राहकच नाही, तो खातं उघडून बघणारही नाही. नव्याचं तांत्रिक खातं जुन्याच्या तांत्रिक खात्याशी बोलतं. पण तक्रारीत "ओटीपी येत नाही" असं लिहू नका, तसं लिहिलंत की ते तुम्हाला बँकेकडे पाठवणार. असं लिहा:

"माझा नंबर अमुक तारखेला पोर्ट झाला. जुन्या ऑपरेटरच्या नेटवर्कवरून मला कॉल आणि एसएमएस पोचत नाहीत, इतर नेटवर्कवरून पोचतात. उदाहरण: अमुक नंबरावरून अमुक तारखेला अमुक वाजता कॉल केला, नंबर वापरात नाही असं ऐकू आलं. जुन्या ऑपरेटरकडे माझ्या नंबराचं राउटिंग अपडेट करून घ्यावं."

भावाचा नंबर, वेळ, आणि त्याला जे ऐकू आलं ते शब्द नक्की द्या. वेळ दिली की त्यांना तो कॉल नोंदींत सापडतो, नाही दिली तर तक्रार "तपासलं, ठीक आहे" म्हणून बंद होते.

आणि बँकेला वेगळं लिहा. त्यांना विचारा की तुमच्या गेटवेच्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये माझ्या नंबराला काय एरर दिसतोय. "अ‍ॅब्सेंट सबस्क्रायबर" असेल तर त्याचा अर्थ फोन तेव्हा बंद होता किंवा रेंजमध्ये नव्हता, ते थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. "अननोन सबस्क्रायबर" असेल तर चुकीच्या दारात विचारलंय. हा एरर कायमचा धरला जातो, पुन्हा प्रयत्न होत नाही. काही गेटवे तर असा एरर वारंवार आला की नंबरच बाद यादीत टाकतात आणि पुढचे मेसेज पाठवतच नाहीत. म्हणून म्हटलं "पुन्हा पाठवा" सारखं दाबू नका. त्यात शिवाय नवा कोड निघाला की आधीचा बाद होतो, आणि कधी वाट मोकळी झालीच तर मागचेपुढचे कोड उलटसुलट क्रमाने एकदम येऊन पडतात, त्यातला कुठला चालू ते कळत नाही. मग चुकीचा टाकून खातं लॉक.

मध्यरात्र | मंगळवार, रात्री ११.५०

मी परदेशात राहतो, इथे मला वेगळाच अडथळा आला तो लिहून ठेवतो. मी मोठ्या ऑपरेटरवरून एका छोट्या व्हर्च्युअल ऑपरेटरवर गेलो, म्हणजे ज्याचे स्वतःचे टॉवर नसतात, दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेतो तो. माणसांचे एसएमएस सगळीकडून येत होते, जुन्या ऑपरेटरवरून पण. पण पाच-सहा आकडी छोट्या नंबरांवरून येणारे कोड एकही नाही. चौकशी केल्यावर कळलं की ते छोटे कोड प्रत्येक ऑपरेटरशी वेगळे जोडून घ्यावे लागतात आणि या छोट्या ऑपरेटरकडे बरेचसे जोडलेलेच नाहीत. म्हणजे ते राउटिंग दुरुस्त करून सुटणारं नव्हतंच. जाण्याआधी विचारायला हवा तो हाच प्रश्न, छोट्या कोडवरून येणारे मेसेज तुमच्याकडे पोचतात का.

बाकी कोडवरून आठवलं, पोर्ट करायला जो कोड मिळतो त्याला कुठे यूपीसी म्हणतात, ब्रिटनमध्ये पॅक, अमेरिकेत ट्रान्सफर पिन, तो ओटीपीइतकाच जपायचा. तो ज्याच्या हाती लागला तो तुमचा नंबर उचलून नेऊ शकतो, आणि मग सगळ्या बँकांचे ओटीपी त्याच्या फोनवर.

नवखा_प्रवासी | बुधवार, सकाळी ८.१५

मग फोनवर एकदम "नो सर्व्हिस" आलं आणि आपण पोर्टला टाकलंच नसेल तर?

मध्यरात्र | बुधवार, सकाळी ८.४०

तर दुसऱ्या फोनवरून लगेच ऑपरेटरला विचारायचं की माझ्या नंबरावर पोर्टची किंवा सिम बदलण्याची विनंती आलीय का, आणि उत्तराची वाट न बघता बँकेला सांगून नेटबँकिंग थांबवायचं. आपण मागितलेला नसताना पोर्टचा मेसेज आला असेल तर तो हमखास धोक्याचा. रेंज गेली म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

पिंपळपान | गुरुवार, रात्री ८.२०

अपडेट. तारायंत्र यांनी दिलेला मजकूर जवळपास तसाच्या तसा टाकला, भावाच्या कॉलच्या वेळेसकट. आधी तेच उत्तर आलं, लाइन ठीक आहे. मी परत लिहिलं की माझी लाइन नाही, जुन्या ऑपरेटरच्या नेटवर्कवरून येणारा ट्रॅफिक पोचत नाहीये, ही घ्या वेळ. मग ती तक्रार वर गेली. आज दुपारी भावाचा कॉल लागला! एसएमएसही आला. फार बरं वाटलं.

पण बँकेचा ओटीपी तरी नाही. बँकेच्या सपोर्टला एररचं विचारलं तर सुरुवातीला त्यांना प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या एका जाणकार मुलाने बघून सांगितलं, "अननोन सबस्क्रायबर".

तारायंत्र | गुरुवार, रात्री ९.००

एररची तारीख विचारा. भावाचा कॉल लागायच्या *आधीचा* असेल तर वाट आता मोकळी आहे, पण तुमचा नंबर त्यांच्या बाद यादीत अडकलाय. नंतरचा असेल तर गेटवेची पोर्टिंगची प्रत जुनीच आहे. दोन्हीत बँकेला एकच वाक्य सांगा: "माझा नंबर पोर्ट झालाय, गेटवेकडून पोर्टिंगची नोंद ताजी करून घ्या आणि नंबर अडवलेल्या यादीत असेल तर काढा." हे काम गेटवेवाला करतो, सपोर्टचा माणूस नाही, म्हणून तक्रार क्रमांक घ्याच.

आता गुंतवणुकीचं अ‍ॅप. ते सिम ओळखण्यासाठी तुमच्याच फोनमधून एक एसएमएस पाठवतं ना? फोनमध्ये दोन सिम आहेत का?

पिंपळपान | गुरुवार, रात्री ९.१२

हो, दोन आहेत! दुसरं ऑफिसचं. आणि हो, नोंदणी करताना "एसएमएस पाठवत आहोत" असं येतं, मग गोल फिरतं आणि अयशस्वी.

तारायंत्र | गुरुवार, रात्री ९.३०

मग बाहेर जाणाऱ्या एसएमएससाठी कुठलं सिम निवडलंय ते सेटिंग्जमध्ये बघा. पोर्ट केल्यावर नवं सिम घातलं की बऱ्याच फोनमध्ये ही निवड दुसऱ्या सिमवर सरकते. अ‍ॅपने पाठवलेला मेसेज ऑफिसच्या नंबरावरून जातोय, समोरच्याला खात्यातला नंबर आणि पाठवणारा नंबर जुळत नाही, म्हणून अयशस्वी. नवं सिम एसएमएससाठी कायम निवडा, ऑफिसचं सिम नोंदणीपुरतं सेटिंगमधून बंद ठेवा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर नोंदणी करा. त्याआधी कुणालातरी एक साधा एसएमएस पाठवून बघा, तो गेला आणि समोर तुमचाच नंबर दिसला तरच अ‍ॅप उघडा. आणि तो साधा मेसेजच गेला नाही तर मग बिनधास्त यांचा एसएमएससी बघायचा, तिथे त्यांचं उत्तर अगदी लागू आहे.

बिनधास्त | गुरुवार, रात्री ९.४०

🙏 काकांचं तेच होतं मग. त्यांचं पेमेंटचं अ‍ॅप होतं.

रानवारा | गुरुवार, रात्री १०.१५

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. नंबर आपल्याबरोबर येतो, जुन्या ऑपरेटरच्या बाकीच्या गोष्टी येत नाहीत. काही ऑपरेटर ईमेल पत्ता देतात, काहींचं वॉलेट असतं, काहींच्या बिलातून चित्रपट-गाण्यांची सदस्यता जाते, काही ठिकाणी आपण "ऑपरेटरच्या खात्याने लॉगिन" केलेलं असतं. पोर्ट झालं की ही खाती बंद होऊ शकतात. ईमेल पत्ता सगळ्यात वाईट. माझ्या नात्यातल्या एकांनी फार पूर्वी एका महत्त्वाच्या खात्याला पर्यायी ईमेल म्हणून ऑपरेटरचाच पत्ता दिला होता. ओटीपी अडकला तेव्हा "पर्यायी ईमेलवर कोड पाठवा" दाबलं, तर तो पत्ताच बंद. दोन्ही दारं एकाच ऑपरेटरची. पोर्टला टाकण्याआधी पासवर्ड मॅनेजर किंवा मेलबॉक्समध्ये त्या ऑपरेटरचं नाव शोधा, कुठे कुठे जोडलंय ते सापडतं.

आणि जिथे पर्याय आहे तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप चालू करा, पोर्ट करायच्या *आधी*. त्यातला कोड फोनमध्येच तयार होतो, साधारण तीस सेकंदांनी बदलतो, ऑपरेटरचा त्यात काही संबंध नाही. पोर्ट नंतर चालू करायला गेलात तर ते चालू करायलाच बऱ्याचदा एसएमएसचा कोड मागतात. बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून ठेवा.

शेवंती | गुरुवार, रात्री १०.४०

रानवारा, हे पटलं. पण बऱ्याच बँका ऑथेंटिकेटर देतच नाहीत ना, फक्त एसएमएस. तिथे काय करणार?

रानवारा | गुरुवार, रात्री ११.००

तिथे काही करता येत नाही, खरंय. मी इतकंच करतो की पोर्टची तारीख हप्ते आणि बिलांच्या तारखांपासून लांब ठेवतो, आणि मोठे व्यवहार आधीच उरकतो. ऑटो-डेबिटला बहुतेक ठिकाणी ओटीपी लागत नाही, त्यामुळे ते चालू राहतात.

तारायंत्र | शुक्रवार, सकाळी ७.४०

तारखेबद्दल सहमत. शिवाय मधल्या काळाचं भान ठेवा. जुनं सिम बंद पडल्यापासून नवं चालू होईपर्यंत काही वेळ नंबर कुठेच नसतो. त्या वेळात मागवलेला ओटीपी जुन्याच्या यंत्रणेत पडून राहतो आणि पोचला तरी मुदत संपलेला. त्या काळात कुठेही लॉगिन करू नका, कुठून लॉगआउट तर मुळीच करू नका. जुनं सिम रेंज दाखवतंय तोवर फोनमध्येच असू द्या, गेली की नवं घाला.

ऑथेंटिकेटरबद्दल मात्र माझा थोडा मतभेद आहे. फोन हरवला आणि बॅकअप कोड नसले तर माणूस पोर्टिंगपेक्षा वाईट अडकतो. ज्यांच्याकडून कागद सांभाळले जाणार नाहीत, विशेषतः वयस्कर माणसं, त्यांना मी एसएमएसच ठेवायला सांगतो.

रानवारा | शुक्रवार, सकाळी ८.०५

इथे मी असहमत. वयस्करांनाच सिम फसवणुकीचा धोका जास्त असतो. घरातल्या कुणीतरी कोड सांभाळावेत.

पिंपळपान | शनिवार, दुपारी १.३०

अ‍ॅप झालं! एसएमएससाठी ऑफिसचंच सिम निवडलेलं होतं, मी ते कधी बदललंच नव्हतं, फोननेच बदललं असणार. नोंदणी झाली, पण अ‍ॅप म्हणतंय सुरक्षेसाठी पैसे काढणं काही काळ बंद राहील. शेवंती यांनी लिहिलं होतं तसंच, त्यामुळे आता घाबरले नाही.

बँकेचं असं झालं. एररची तारीख भावाचा कॉल लागायच्या आधीचीच होती. तक्रार क्रमांक दिलाय, गेटवेकडून नंबर मोकळा करून घेतो म्हणालेत. आज सकाळी एकदाच मागवून बघितला, कोड आला, पण बऱ्याच उशिराने, तोवर मुदत संपली होती.

तारायंत्र | शनिवार, दुपारी २.१०

उशिरा का होईना आला म्हणजे वाट मोकळी झालीय. उशीर कुठे होतोय ते तपासायला मेसेज उघडून बघा, काही फोनमध्ये मेसेजच्या तपशिलात "पाठवला" आणि "मिळाला" अशा दोन वेळा दिसतात. पाठवल्याची वेळच उशिराची असेल तर बँक किंवा गेटवेकडे रांग लागलीय. पाठवला वेळेवर आणि मिळाला उशिरा असं असेल तर अजून कुठेतरी तो जुन्या वाटेने फिरून येतोय, आणि ते परत नव्या ऑपरेटरला कळवायला लागेल. दोन्ही वेळा इथे टाका. हप्त्याची तारीख कधी आहे? जवळ असेल तर बँकेच्या फोनवरून कोड घेण्याचा पर्याय चालू आहे का ते आजच विचारा.

पिंपळपान | शनिवार, दुपारी २.२५

तपशिलात दोन्ही वेळा दिसतायत, पाठवला वेळेवर, मिळाला उशिरा. ऑपरेटरला आत्ताच लिहिते. हप्ता पुढच्या आठवड्यात आहे, फोनवरच्या कोडचं बँकेला विचारलंय, सोमवारी सांगतो म्हणालेत.